धाकटीच्या माऊसची सेटिंग

दादा हुशार होता, हे आधीच मान्य करून टाकू, म्हणजे पुढे त्याची बाजू घ्यायला काही उरणार नाही. नातेवाइकांत कुणाचाही कम्प्युटर अडला की फोन दादालाच यायचा. बंदुकीच्या गेममध्ये तर त्याचा शब्द शेवटचा. शिकायचं सोडून तो कॉलेजभर तेच खेळला होता, आणि आता नोकरी शोधायची सोडून तेच खेळत होता. आई शेजारणीला सांगायची, ‘त्याचं कम्प्युटरचं काम चालू आहे.’ यात खोटं असं काही नव्हतं.

धाकटी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. दादाने कम्प्युटरचं नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं तिच्याकडे आलं. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, इस्त्रीच्या टेबलावर ते मांडलं, आणि ती म्हणाली, ‘दादा, तुझ्यासारखंच सेट करून दे ना.’

‘करतो की,’ दादा म्हणाला.

आता दादा स्वतःच्या मशीनवर पहिलं काम काय करायचा, ते सांगायला हवं. माऊसच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची एक चौकट असते. नाव काय गोंडस! अचूकता वाढवणार म्हणे. ती चौकट चालू असली की कम्प्युटर नुसता हात किती सरकला ते बघत नाही, किती वेगाने सरकला तेही बघतो. माऊस हळू नेला तर पॉइंटर थोडा जातो, तेवढाच माऊस झटक्यात नेला तर लांब पळतो. यालाच अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. ऑफिसात फायली उघडणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, उलट बरंच पडतं. पण बंदूक रोखणाऱ्याचा हात त्यात फसतो. वीतभर माऊस सरकवला की पडद्यावरचं निशाण किती फिरणार, हे हाताला डोळे मिटून ठाऊक असावं लागतं, आणि इथे ते दर वेळी वेगळं. म्हणून खेळणारे त्या चौकटीतली बरोबरची खूण काढतात. शिवाय गेमच्या आत रॉ इनपुट चालू करतात, म्हणजे गेम माऊसची हालचाल थेट माऊसकडूनच घेतो आणि कम्प्युटरची मधली लुडबुड संपते.

दादाने धाकटीच्या मशीनवर यातलं काहीएक केलं नाही. पहिल्या दिवशी निव्वळ आळसाने. हा आळस आपण सगळेच करतो, त्याबद्दल त्याला फासावर द्यायला नको.

पण काही महिन्यांनी असं झालं की धाकटीने त्याला हरवलं. एकदा नाही, ओळीने तीन डाव. अ‍ॅक्सिलरेशन चालू ठेवून! एक पाय बांधून धावणाऱ्याने पुढे जावं तसं. दादा तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. तिचे नेम कधी अचूक बसायचे, कधी भलतीकडे जायचे, आणि का जातात ते पोरीला कळत नव्हतं. दादाला कळत होतं. बोलायला त्याने तोंडही उघडलं, पण शब्द भलतेच आले.

‘तुझा हात एकसारखा चालत नाही. असतं काही जणांचं.’

त्या दिवसापासून तो आळस राहिला नाही.

पुढे तिने कुठल्याशा व्हिडिओत अ‍ॅक्सिलरेशनबद्दल ऐकलं आणि विचारलंही. दादा स्वतः तिच्या खुर्चीत बसला, सेटिंगची खिडकी उघडली, मिटली आणि म्हणाला, ‘बंदच आहे. पहिल्याच दिवशी केलंय मी. उगाच चाळे करत बसू नकोस, बाकीचं बिघडेल.’ तिने मान डोलावली. दादावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? मग ती मनगटाचे व्यायाम करायला लागली. रबरी चेंडू दाबत भाजी निवडायची. मनगटाला पट्टा बांधायची. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. तेव्हा तिला बरं वाटायच्याऐवजी रडू आलं, कारण काही झालेलं नसेल तर बरं तरी काय करणार?

अशात टायरच्या दुकानावरच्या गेमिंग सेंटरमध्ये संघाची चाचणी लागली. संघ खराखुरा, स्पर्धा खेळणारा, आणि जागा एकच. दादाला ती हवीच होती. ती मिळाली नाही तर आता नोकरी बघायची, असं वडिलांनी जेवताना ताटावरून न उठता सांगून टाकलं होतं. धाकटीनेही नाव दिलं. आई म्हणाली, ‘दोघांपैकी कुणीही लागलं तरी घरातलंच ना!’ दादा हसला. हसावंच लागतं अशा वेळी.

सेंटरमधली सगळी मशीनं संघाच्या कोचने स्वतः सेट केलेली, अ‍ॅक्सिलरेशन बंद, रॉ इनपुट चालू. दादाला हे आधीच ठाऊक होतं, आणि पुढे काय होणार तेही. धाकटीचा हात चुकीच्या मशीनवर घडलेला. बरोबर मशीनवर तो उघडा पडणार. तसंच झालं. तिचा पहिला नेम हुकला, दुसरा हुकला, पुढे तर समोर उभा असलेला गडी तिला लागेना. मागे बसलेली दोन पोरं खिदळली. धाकटीचे कान लाल झाले. शेजारच्या मशीनवर दादा धडाधड माणसं पाडत होता आणि त्याला आनंद होत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आनंदच होत होता.

कोच मात्र तिच्यामागे उभा राहिला तो हलेना. त्याने तिला आणखी खेळायला लावलं, मग हेडफोन काढायला सांगितलं.

‘तू झटका मारतेस तेव्हा निशाण दर वेळी अलीकडे थांबतंय. हळू नेतेस तेव्हा पुढे जातंय. दर वेळी. ज्याला येत नाही तो कुठेही मारतो, पोरी. तू ठरलेल्या ठिकाणी चुकतेयस. घरी अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का?’

‘नाही सर. दादाने बंद केलंय.’

कोचने एकदा दादाकडे पाहिलं. ‘तरी घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. थांब, कुठे बघायचं ते दाखवतो. चालू निघालं तर मला फोन कर. बंद कर आणि महिनाभर खेळ, हात नव्याने बसेल. तोवर मी जागा कुणाला देत नाही. चालू ठेवून तू इतकी खेळत असशील तर मला तूच हवीस. पण बंद निघालं, तर मग माझ्याकडेही उपाय नाही.’

दादा उठला. ‘मी पुढे होतो गं,’ तो म्हणाला, ‘तू ये शिकून.’

जिने उतरेपर्यंत तो चालत होता, रस्त्यावर आल्यावर पळायला लागला. काय करावं हे ठरवायला त्याला वेळ लागलाच नाही. दोन वर्षं जी गोष्ट त्याने केली नव्हती, ती आता करायची होती. घरात शिरला, चपला न काढता इस्त्रीच्या टेबलाशी बसला. चौकटीतली खूण काढली, ‘ओके’ दाबलं. गेम उघडला, रॉ इनपुट चालू केलं, गेम बंद केला. मिनिटभराचं काम. बहिणीचं मशीन अखेर अगदी बरोबर, अगदी त्याच्यासारखं सेट झालं.

धाकटी आली ती धापा टाकत. पर्स खांद्यावरच. ‘आई, इकडे ये, बघ! माझा हात चांगला असेल कदाचित! सर म्हणाले, मशीनचंच काहीतरी असणार!’ आई कणकेचे हात घेऊन आली. धाकटीने खिडकी उघडली.

चौकट रिकामी होती.

तिने गेम उघडून रॉ इनपुट पाहिलं. चालू. परत चौकट पाहिली, जणू एवढ्यात खूण येऊन बसणार होती.

‘मघाशी हा बसला होता ना तुझ्या जागेवर,’ आई म्हणाली. ‘काही केलंस का रे?’

दादाने टेबलावरून हात फिरवला. ‘धूळ पुसली. तिला चाचणीनंतर बसायचं असेल म्हणून.’

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात संशय असता तर दादाला सोसला असता. ती चक्क कृतज्ञ होती. ‘तू बरोबरच सांगत होतास दादा. मीच सरांसमोर तुझ्यावर शंका घेतल्यासारखं झालं.’

तरी तिने एक डाव खेळून पाहिला. झटके अलीकडे थांबले, हळू नेलेलं पुढे गेलं. ‘इथे काल तरी लागत होतं रे. आज नुसता पॉइंटरसुद्धा जड वाटतोय.’

‘दिवसभर ताण घेतलास. हात दमलाय.’

तिने कोचला फोन लावला, स्पीकरवर. ‘बंदच आहे सर. रॉ इनपुटही चालू आहे. मी स्वतः पाहिलं.’ कोचने पुन्हा एकदा विचारून खात्री केली. मग कोच म्हणाला, ‘माझा अंदाज चुकला म्हणायचा. वाईट वाटतं मला. दादाला सांग, उद्यापासून ये.’

आईने कणकेच्या हातानेच दादाची दृष्ट काढली. वडिलांना फोन गेला. धाकटीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि मग टेबलाशी जाऊन माऊसची वायर गुंडाळत बसली. दादा तिच्यामागे येऊन उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

‘दादा, एक विचारू? खरं सांगशील?’ तिने मान वर केली नाही. ‘मी तरीही महिनाभर अशीच खेळत राहिले, रोज, न चुकता, तर काही फरक पडेल का? तुला यातलं कळतं म्हणून विचारतेय.’

दादाला कळत होतं. महिना कशाला, तीन आठवड्यांत तिचा हात या मशीनवर बसला असता, आणि त्यानंतर तो तिच्यासमोर उभाही राहू शकला नसता.

‘नको,’ तो मायेने म्हणाला. ‘उगाच हात दुखवून घेशील.’

तिने वायरला रबर लावलं आणि माऊस त्याच्या हातात दिला.