आठ लाख शिल्लक

कागदावर आठ लाख शिल्लक दिसली, तर व्यवस्थापकांना तीन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. चौदा लाख तूट दिसली, तर निरोपाचा हार. हिशेबनीस बाईंना दोन्हीकडून काहीच मिळणार नव्हतं. फक्त तूट कुणी पाहिली नाही, तर जानेवारीपासून नर्सेसचे पगार थकणार होते आणि त्यांच्या शिव्या बाईंनाच खाव्या लागणार होत्या.

दवाखाना ट्रस्टचा. विश्वस्त एकच पान वाचतात, त्यामुळे येत्या वर्षाचं अंदाजपत्रक एका पानात बसवायचं होतं. जमा एक कोटी शहाऐंशी लाख, खर्च एक कोटी अठ्ठ्याहत्तर. पण जमेतले बावीस लाख एका देणगीदाराने फक्त डायलिसिसच्या यंत्रांसाठी कबूल केले होते, आणि यंत्रांची खरेदी भांडवली खर्चाच्या वेगळ्या कागदावर होती; ते बावीस वगळले की चौदा लाख तूट.

"साहेब, बावीस लाख पगाराला वापरता येणार नाहीत. हे वर आलं पाहिजे."

"जागा कुठंय, बाई?"

"पानावरचा तुमचा फोटो काढा की! चार ओळी मावतील एवढी जागा होईल."

"तो माझ्या मनोगतासोबतचा आहे."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी साहेब नरमले: ओळ ठेवू, पण तळाला. आणि बाईंनी 'इतर'मध्ये घातलेला चहापाण्याचा खर्च वेगळा दाखवायचा.

"विश्वस्तांना चहा दिसला की दुसरं काही दिसत नाही, साहेब. दरवर्षीचं आहे."

"म्हणजे लपवायचा? तुम्ही? जमाखर्च लपवणार?"

उभ्या आयुष्यात बाईंनी आठ आणेसुद्धा झाकले नव्हते. चहा वेगळ्या ओळीत आला.

बैठकीत अध्यक्षांनी चष्मा चढवला. "छान, आठ लाख शिल्लक. पण हे काय? चहाला शेहेचाळीस हजार? हत्ती पाळलेत का?"

"माझ्या घरी चौघांना महिन्याला दोन किलो साखर पुरते," दुसरे विश्वस्त म्हणाले.

"बिनसाखरेचा करा."

"मग पितंय कोण?"

बाई उठल्या. "अध्यक्ष महाराज, तळाची ओळ—"

"थांबा हो बाई, आधी चहा तरी संपू दे."

चहा पस्तीस मिनिटांनी संपला: रात्रपाळीच्या नर्सेसना दोनऐवजी एकच कप. अध्यक्षांना विमान गाठायचं होतं. "तळाचं काय ते इतिवृत्तात घ्या," म्हणत त्यांनी सही केली. अंदाजपत्रक मंजूर, शिल्लकीबद्दल व्यवस्थापकांचं अभिनंदन, मुदतवाढ एकमताने.

बाईंनी घरी जाण्याआधी हिशेब मांडला. व्यवस्थापकांना तीन वर्षं. विश्वस्तांना काटकसरीचं समाधान. देणगीदाराची यंत्रं कागदावर सुरक्षित. किंमत मोजली कुणी? रात्रपाळीच्या अकरा नर्सेसनी: आजपासून दुसरा कप, जानेवारीपासून पगार.