हिरवी ओळ

जानेवारीच्या पहिल्या तारखेला आमच्या बजेटात एकही लाल ओळ नव्हती. मी इतकी खूश होते की चहात साखर दोनदा घातली.

धसईजवळच्या आमच्या घराचं बजेट मी जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये बसवलं होतं. मुरबाडच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे आकडे भरते, मग आपलेच का नाही? 'नोंदी'च्या पानावर तारीख, सदर आणि रक्कम टाकायची. महिन्याच्या पानावर किराणा, पेट्रोल, औषधं अशा प्रत्येक सदराची बेरीज आपोआप यायची. मागची शिल्लक अधिक या महिन्याची तरतूद, वजा खर्च. जे उरेल ते पुढच्या महिन्यात जायचं. शून्याच्या खाली गेलं की ओळ लाल आणि शेजारी शब्द: 'जास्त खर्च'. नाहीतर हिरवी. फार शहाणी मी.

दर एक तारखेला सगळ्यांना बसवून मी लाल ओळी वाचून दाखवायचे. ज्याची ओळ लाल, त्याने कारण सांगायचं. जगदीशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पेट्रोल हमखास लाल असायचं आणि आमचा मुलगा हर्षित त्याला चिडवून बेजार करायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडूबाई, पदराआड हसायच्या.

आईंना ब्लडप्रेशर. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. घरखर्चाच्या डब्यात प्रत्येक सदराचं पाकीट होतं; बाजारच्या दिवशी त्या औषधांच्या पाकिटातून पैसे घेऊन दहा दिवसांच्या गोळ्या स्वतः आणायच्या, दोनशे साठ रुपयांच्या. परत आल्या की मला आकडा सांगायच्या आणि मी नोंद करायची. महिन्याला तीन खेपा, सातशे ऐंशी. तरतूद आठशे.

ऑगस्टात रक्ततपासणीचे तीनशे सत्तर वाढले; मागची थोडी शिल्लक मी आधीच किराण्याकडे वळवली होती. एक सप्टेंबरला 'आईंची औषधं' ही ओळ लाल झाली, उणे साडेतीनशे. मी ठरल्याप्रमाणे वाचली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आईंनी विचारलं, आता काय होणार? मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, की तेवढे या महिन्याच्या आठशेतून कापले जातील, साडेचारशेच उरतील. त्या मान हलवून उठल्या.

सप्टेंबरात औषधांचा खर्च दोनशे साठच निघाला. शिल्लक एकशे नव्वद, ओळ हिरवी. मी विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मला बरंच वाटलं. खरंखोटं करायला डॉक्टरांना एक फोन पुरला असता, पण हिरव्या ओळीला कोण प्रश्न विचारतं? ऑक्टोबरअखेर शिल्लक सातशे तीस, नोव्हेंबरअखेर बाराशे सत्तर. ती वाढताना पाहून मी आईंचं कौतुकसुद्धा केलं. माझी मलाच आता चीड येते.

या काळात आईंच्या हातून दोनदा तांब्या पडला. मान दुखते म्हणायच्या. डाव्या पायातली चप्पल अंगणात राहिली तरी त्यांना कळलं नव्हतं. त्याला माझ्या पत्रकात सदर नव्हतं.

तर जानेवारीच्या त्या एक तारखेला औषधांच्या ओळीत दोन हजार सत्तर शिल्लक होती. त्यातले दोन हजार हर्षितच्या क्लासकडे वळवावेत म्हणून मी कर्सर तिथे नेला आणि डिसेंबरचा खर्च दिसला. शून्य.

नोंद राहिली असेल म्हणून नोंदींच्या पानावर फक्त औषधांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. ऑगस्टात तीन खरेद्या. मग सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, प्रत्येकी एकच. त्यानंतर काही नाही. सप्टेंबरात दुसरी खेप आणली असती तर ओळ सत्तर रुपयांनी पुन्हा लाल झाली असती. आईंनी ते बोटांवर मोजलं होतं. माझ्या इशाऱ्याला फक्त जास्त खर्च दिसत होता. कमी खर्चाबद्दल तो एक शब्द बोलणार नव्हता, कारण मीच तो तसा बनवला होता.

आई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी जवळ बसून विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत?

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "सगळ्यांसमोर माझं नाव लाल नको व्हतं गो. पोराचा किलास हाय, माझं काय."

"आई, तो नुसता रंग आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या. उजवीकडचा ओठ वर गेला, डावीकडचा गेला नाही. सूप डाव्या हातातून निसटलं, तांदूळ ओटीभर पांगले, आणि त्या वेचायला वाकल्या तशा एका अंगावर कलंडल्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द तोंडातच फिरत होते.

जगदीशने शेजाऱ्याची गाडी आणली. मुरबाडच्या दवाखान्यासाठी पैसे हवेत म्हणून मी डबा उघडला. औषधांच्या पाकिटात दोन हजार सत्तर रुपये होते, एकही रुपया कमी नाही.