आठ अक्षरांची ओळ

महादेवरावांनी गाण्याच्या ओळीची अक्षरं बोटांवर मोजली आणि अकरावर येऊन ते थांबले.

"तीन जास्त झाले, भाऊजी," शेजारच्या यमुताई मांडीवरची खंजिरी सावरत म्हणाल्या. "चाल आठाची हाय. पिंकी म्हणन, मंग आम्ही उचलू. एवढी लांब ओळ तिच्या दमात बसन का?"

पिंकी, महादेवरावांची लेक, ओट्याशी प्रसादाच्या शिऱ्याचा रवा भाजत होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने तिला बोलता येत नव्हतं. तेव्हा तिच्या आईने कोराडीच्या देवीला नवस केला होता. पोरीचा आवाज परत आला, की घरी तुला मांडू, शेजारी बोलावू आणि तुझं नवं गाणं म्हणू. आवाज आला. तो ऐकायला आई उरली नव्हती.

महादेवरावांनी आधी 'कृपासिंधू', 'करुणाघन' असलं बरंच लिहिलं होतं. यमुताईंनी त्यावर पेन्सिल मारली होती. "असं कोण बोलते गा आपल्या घरी?" उरलं ते साधं होतं:

*पोर माझी बोलली गं, माझ्या घरी ये गं आई.*

अडलं होतं शेवटचं कडवं. नवस कोणाचा, हे त्यात यावंच लागतं. महादेवरावांनी लिहिलं होतं, 'पिंकीच्या आईनं नवस केला.'

"नाव घाला," यमुताई म्हणाल्या. "गल्लीत चार पिंक्या हायेत. देवीले कसं समजन कोणाचा फिटला ते?"

"एकतीस वर्षांत कधी घेतलं नाही ताई. 'अवं' म्हटलं का यायची ते."

"लग्नात तरी घेतलं असन!"

"तवाबी खोकलोच होतो."

पिंकी खदखदून हसली. त्या आवाजाकडे महादेवराव बघतच राहिले. मग त्यांनी ओळ खोडली, 'नवस केला' एवढंच लिहिलं आणि पुढे तीन अक्षरांची जागा मोकळी ठेवली.

संध्याकाळी चौरंगावर देवी बसली. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खंजिरी लागली. पिंकीने ध्रुवपद उचललं. आवाज जरा खरखरीत, पण सरळ भिंतीपर्यंत जाणारा. मागून सगळ्यांनी ते झेललं. एक कडवं, दुसरं, तिसरं.

शेवटच्या कडव्याला पिंकीने कागद पाहिला. "नवस केला..." म्हणून ती थांबली आणि वडिलांकडे वळली. यमुताईंनी खंजिरी थांबवली नाही. ठेका तिथेच फिरत राहिला, एकदा, दोनदा.

महादेवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नवस केला जिजानं," ते म्हणाले. सुरात नव्हतं, पण ठेक्यात बसलं. "तिच्या घरानं फेडला."

"नवस केला जिजानं!" सगळी खोली म्हणाली. दारातल्या बायाही म्हणाल्या.

शेवटची ओळ दोनदा घ्यायची असते. दोनदा झाली. यमुताईंनी खंजिरी खाली ठेवली, कोणीतरी आरतीचं ताट उचललं.

महादेवरावांनी तिसऱ्यांदा सुरू केलं, "नवस केला जिजानं..." यमुताईंनी खंजिरी पुन्हा हातात घेतली.