गाळलेली जागा

धाकटी सीटी स्कॅनच्या पडद्यासमोर बसली होती आणि मनातल्या मनात देवाची विनवणी करत होती. एरवी देवाचं नाव न घेणारी, फटकळ तोंडाची रेडिओलॉजिस्ट ती! पण आत टेबलावर तिची थोरली बहीण होती. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून परवाच ऑपरेशन झालेलं, आणि आज धाप, ब्लडप्रेशर उतरतंय. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असली, तर ती विरघळवायचं औषध डोक्यातली ताजी जखम फोडणार. गुठळी ओढून काढणारं हॉस्पिटल लांब, तिथवर ताई टिकायची नाही. आपल्या माणसाचा स्कॅन आपण वाचू नये म्हणतात, पण दुसरा डॉक्टर रजेवर होता.

"श्वास धरता नाही आला त्यांना," टेक्निशियनभाऊ म्हणाले. "खालचं चित्र हललंय."

"हललंय ना? अहो, मग तो डाग हलल्यामुळेच!" ती केवढ्यांदा बोलली.

स्कॅनसाठी शिरेत टोचलेल्या औषधाने धमन्या पांढऱ्याशुभ्र भरल्या होत्या. उजवीकडे खाली एका फांदीत करडा डाग होता, ते औषध न पोचल्यासारखा. अशा डागाला त्या खोलीत सगळे 'गाळलेली जागा' म्हणत. नाव तिनेच पाडलेलं, कारण ताई शाळेत बाई होती आणि लहानपणी हिच्याकडून गाळलेल्या जागा भरून घ्यायची. कोरी सोडली की धपाटा.

हललं असेल, हललंच असेल, असं घोकत ती स्कॅनचा एकेक काप वर सरकली. वर बरगड्यांच्या कडा रेखीव होत्या. इथे काही हललेलं नव्हतं. पांढरा झगझगाट जास्त होता म्हणून तिने चित्राचा उजेड सौम्य केला, आणि मेलं तेच दिसलं जे दिसायला नको होतं. मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे करडा पट्टा दोन्ही फांद्यांवर आडवा बसलेला, भोवती पांढरी किनार. टोचलेल्या दाट औषधामुळे उमटलेली खोटी रेघ असती तर ती धमनीची भिंत ओलांडून बाहेर गेली असती. हा पट्टा आतच होता, ओळीने प्रत्येक कापात. म्हणजे गुठळीच. हृदयाचा उजवा कप्पा फुगून मधला पडदा डावीकडे रेटला गेला होता.

तिने उजेड पुन्हा बदलून पाहिला. पट्टा होता तिथेच होता.

मेंदूच्या सर्जनचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. "गुठळीचं औषध देऊ शकत नाही हो मी," ते म्हणाले.

ती आत गेली. ताईने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. ओठ निळसर पडले होते.

"काय गं, सापडली का गाळलेली जागा?"

"सापडली."

"शाब्बास." तिला धाप लागली. "मग भर की."

"नाही गं भरता येत, ताई."

ताईने तिच्या पाठीवर धपाटा घालायला हात उचलला. तो अर्ध्यावरच खाली आला, तेव्हा धाकटीने तो धरला आणि ती मोठ्याने रडायला लागली.