दहापैकी दहा

नागपूरलगतच्या बेसा इथल्या आमच्या समुपदेशन केंद्रात माझी खोली सर्वांत आत. आधी तिथे सतरंज्या ठेवत. खिडकी नाही, एक पंखा, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मीच लावलेला तक्ता: प्रसंग, विचार, भावना, वर्तन. बारा वर्षं मी या चार शब्दांवर जगले आहे. माणसाचा विचार तपासला, बदलला, की मन हलकं होतं, हे मला पुण्यात शिकवलं आणि मी ते दीक्षेसारखं घेतलं. तिथे शिकताना माझ्या घरच्या बोलीतलं 'मले' आणि 'काहून'ही मी सोडून आले.

उन्मेषची खोली समोर. तो नात्यांवर काम करतो. कोण गेलं, कोण दुरावलं, घरात कुणाशी काय बिनसलं, याच्याच गप्पा. निदान मला त्या गप्पा वाटत. मी त्याला 'पारावरचा समुपदेशक' म्हणायचे आणि तो हसायचा, याचाही मला राग यायचा.

म्हणूनच केंद्राने तुलना करायची ठरवली तेव्हा सर्वांत आधी हात मी वर केला. नैराश्याचे शहाण्णव रुग्ण, चिठ्ठ्या टाकून अर्धे विचारांच्या पद्धतीत, अर्धे नात्यांच्या. तीन समुपदेशक इकडे, तीन तिकडे, प्रत्येकाकडे सोळा. बारा भेटी. आधी आणि नंतर त्रासाचे गुण मोजायचे. आता एकदाचं कळेल, म्हटलं.

कळलं. वैभवी आमची आकडे बघणारी मानसशास्त्रज्ञ. गुरुवारी सकाळी तिने कागद समोर ठेवला. त्रासाचे सरासरी गुण दोन्हीकडे सतरावरून नवावर आले होते.

"म्हणजे काहीही केलं तरी चालतं?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"तसं नाही. वारंवार हात धुणाऱ्याला भीतीला सामोरं जायला शिकवावंच लागतं, तिथे नुसतं ऐकून भागत नाही. पण नैराश्यात नीट रचलेल्या उपचारांची तुलना केली की बहुतेकदा असंच येतं. कारण बरंचसं दोन्हीकडे सारखं असतं. माणसाला वाटतं, हिला माझं कळतंय. आपल्याला हे का होतंय याचा त्याला पटेल असा उलगडा मिळतो. आशा वाटते. आणि काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात."

"मग फरक कुठेच नाही?"

ती जरा घुटमळली. "समुपदेशकांमध्ये आहे. पद्धतींपेक्षा जास्त. पण प्रत्येकी सोळाच रुग्ण, त्यावरून कुणाला नावं ठेवू नये."

मी कागद ओढून घेतला. सहा नावांत माझं शेवटी होतं.

आजवर एखादा रुग्ण सुधारला नाही की मला दोन सबबी असत. तो गृहपाठ करत नाही, किंवा पद्धत अजून नीट मुरली नाही. आता दोन्ही गेल्या. माझीच पद्धत वापरणाऱ्या गार्गीचे रुग्ण सुधारले होते. पद्धत बदलून सुटावं म्हटलं तर समोरच्या खोलीतही तेच निघालं होतं. मी अडकले होते, आणि बाहेर पडायचं दार कुठे आहे तेही दिसत नव्हतं.

"एक मात्र मला कळत नाही," वैभवी म्हणाली. "रुग्ण तुमच्याबद्दल जो फॉर्म भरतात, 'समुपदेशकाने मला समजून घेतले' वगैरे, त्यावरून पुढची सुधारणा बऱ्यापैकी सांगता येते. तुझ्या सगळ्यांनी दहापैकी दहा दिलेत. प्रत्येक भेटीला. तो फॉर्म कोण भरून घेतं?"

"मीच. बारीक अक्षर वाचता येत नाही बऱ्याच जणांना. मी समोर बसून वाचून दाखवते."

वैभवीने माझ्या नावापुढच्या दहांच्या रांगेखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

दुपारी देवराव यायचे होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, नववी भेट. ही तुलना संपल्यावर आलेले, पण तक्ता तोच आणि फॉर्मही तोच. त्यांची मुलगी गोपिका सकाळीच फोनवर म्हणाली होती, "मॅडम, बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपते. आज काही फरक नाही पडला तर पुढं नाही आणत मी." त्यांचे त्रासाचे गुण पहिल्या दिवशी अठरा होते, मागच्या भेटीतही अठरा.

देवराव बसले, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवली. मी विचारलं, आठवडा कसा गेला.

"गमत नाही जी," ते म्हणाले. करमत नाही, याला इकडचा शब्द. दर वेळी हेच म्हणायचे.

माझा हात सवयीने 'भावना'च्या रकान्यात गेला आणि 'निराशा' लिहू लागला. 'नि' लिहून थांबला. मागच्या आठ कागदांवर मी निराशाच लिहिली होती. त्यांनी एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता.

पेन खाली ठेवलं आणि बारा वर्षांत या खोलीत न निघालेलं तोंडातून निघालं. "देवरावजी, मले खरं सांगा. तुमाले माह्या कामाचा काही उपयोग होऊन राहिला का?"

त्यांनी मान वर केली. "तुमी इकडच्याच हा का?"

"हो, इकडचीच. खाप्याची."

"मंग इतके दिवस काहून नाही बोलल्या?" मग त्यांनी टोपी फिरवली. "खरं सांगू? नाही जी. मी गमत नाही म्हनतो, तुमी दुसरंच लिहिता. मले वाटे, दवाखान्याचा शब्द असन."

"मग दर वेळी दहा काहून दिले?"

"तुमच्यासारखी पोरगी इतकी मेहनत करून राहिली, तिच्या तोंडावर नापास कशी करू? म्या म्हटलं, तुमच्या नोकरीचं पाहतात हे कागद."

नऊ आठवडे हा माणूस माझी काळजी घ्यायला येत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"गमत नाही म्हणजे कसं?" मी विचारलं.

त्यांनी टोपी गुडघ्यावर पसरून सारखी केली. मी मधे शब्द सुचवला नाही, हे मला सोपं जात नाही. "शेवटच्या गावाले गाडी लागली का सारे उतरते. कंडक्टर एकटाच बसून राहते. पन तवा माहीत राहते, अर्ध्या घंट्यानं वापस जायचं आहे. आता तशीच गाडी उभी आहे. वापसीची फेरीच नाही."

"आणि तिथं बसल्या बसल्या मनात काय येते?"

"का आता आपली कोनालेच गरज नाही."

मी 'भावना'च्या रकान्यात 'गमत नाही' लिहिलं, 'विचार'च्या रकान्यात त्यांचं वाक्य, जसंच्या तसं. कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. मग 'कोनालेच' या शब्दावर बोट ठेवून स्वतःच पुटपुटले, "नातीले शाळेत सोडाले कोनी लागते म्हना." तक्ता तोच होता, रकाने तेच. उद्यापासून तिला सोडायला आपण जाऊन बघायचं, असं त्यांनीच सुचवलं आणि आम्ही ते लिहून ठेवलं.

शेवटी मी फॉर्म मोठ्या अक्षरात छापून दिला, म्हटलं, तुमचे तुम्ही भरा, आणि बाहेर येऊन दार लावलं. पाण्याच्या माठाजवळ उभी राहिले. समोरून उन्मेषने 'काय झालं?' अशा भुवया उंचावल्या, मी 'कळेल आता' अशी मान हलवली. गोपिका बाकावर पिशवी घट्ट धरून बसली होती.

देवराव बाहेर आले. कागद बाकाजवळच्या बंद पेटीत टाकायचा होता, त्यांनी माझ्या हातात दिला. समजून घेतले: चार.

"नापास नाही केलं," ते म्हणाले. "पस्तीस टक्क्याले पास राहते." मग लेकीकडे वळले. "पुढच्या गुरवारी वापस याचं आहे, गोपे. लक्षात ठेव."