हिरवी पावडर

रक्ताचा रिपोर्ट उत्तम आला आणि प्रशिक्षक सर हवेत तरंगायला लागले. निवड शर्यत तोंडावर, त्यात माझी नणंद त्यांची सगळ्यात भरवशाची धावपटू. हिमोग्लोबिन छान, लोहाचा साठाही भरलेला. संघाची आहारतज्ज्ञ मी, त्यामुळे कौतुकाचा वाटा मलाही मिळाला. तेवढ्यात नणंदबाई दवाखान्याच्या खोलीत आल्या. एक चप्पल दारातच निसटली होती आणि त्याचा तिला पत्ता नव्हता. माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं.

तिचं शाकाहारी खाणं मी ठरवलेलं. प्रत्येक जेवणात डाळ, सोयाबीन किंवा चवळी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर बऱ्याच वेळाने. आणि बी-बाराची गोळी, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही आणि दूध तिला पचत नाही, दहीही जेमतेम चमचाभर.

"बी-बाराची गोळी घेतेस ना?" मी विचारलं.

ती सरांकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस. त्या गोळ्या कधीच बंद केल्या. शेवाळाची पावडर घेते. नैसर्गिक आहे, डब्यावर बी-बारा लिहिलंय."

मी रागावलेच. त्या पावडरीतलं बी-बारा बहुतेक नुसतं नावाचं, शरीराला ते वापरता येत नाही. गेले काही महिने पायांना मुंग्या येत होत्या, तेही तिने लपवलेलं आता बाहेर आलं. सांगितलं तर सराव बंद होईल, ही भीती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सर म्हणाले, रक्त तर ठणठणीत आहे. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. डाळी आणि पालेभाज्यांतलं फोलेट हे जीवनसत्त्व रक्त सावरून धरतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला दिसतो, आत नसा मात्र बिघडत राहतात. म्हणजे माझ्याच ताटाने आजार झाकला होता. मला रडू येत होतं आणि तिच्या कानाखाली द्यावीशीही वाटत होती.

बी-बाराच्या तपासणीसाठी रक्त घेतलं, निकालाची वाट न बघता इंजेक्शनही दिलं. वेळेत सापडलं तर बरंच भरून येतं, सगळंच येईल असं नाही, असं बाई म्हणाल्या. तोवर धावणं बंद.

"एवढी एक शर्यत पळते," नणंद म्हणाली. "पळताना मला काही होत नाही."

बाईंनी वाद घातला नाही. तिला डोळे मिटायला सांगितलं. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नसांची जाणीव तपासायचा धातूचा चिमटा, वाजवून आधी मनगटाच्या हाडावर टेकवला. थरथर जाणवते, ती म्हणाली. मग त्यांनी तो पुन्हा वाजवला आणि पायाच्या अंगठ्यावर धरला. मला इतक्या लांबून त्याची गुणगुण ऐकू येत होती.

आम्ही थांबलो.

"लावा ना आता," ती म्हणाली.

बाईंनी चिमटा अंगठ्यावरून हलवला नाही. तिने डोळे उघडले, खाली बघितलं, आणि माझा हात घट्ट धरला. शर्यतीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.