दोन भावांमधली फट

हिंगोलीत फोटो काढायचा तर कादरकडे जावं, आणि फोटोतली गरिबी झाकायची तर त्याच्या बायकोकडे, खुर्शीदबीकडे. शेणानं सारवलेली भिंत उडवून तिथं महाल उभा करणं हे तिचं काम. खिडकीपाशी बसून तिनं अर्ध्या परगण्याला राजवाडे बांधून दिले, स्वतःचं छप्पर मात्र गळतच राहिलं.

जवळा बाजारच्या उकंडराव पाटलांचा फोटो कादरनं उन्हाळ्यात त्यांच्याच अंगणात काढला होता. पुढं खुर्चीवर पाटील, त्यांच्या मागं चार हातांवर दोन मुलगे एकमेकांपासून अंतर सोडून उभे, आणि त्यांच्याही मागं गोठा नि घराचं दार. आषाढात पटकी आली आणि थोरली सून आशाबाई गेली. दिवाळी सरली तशी थोरल्यासाठी वाशीमकडची मुलगी बघायचं ठरलं. सोयऱ्यांना फोटो दाखवायचा होता, पण गोठा दाखवायचा नव्हता.

"माणसं ठेवा, बाकी समदं उडवा," पाटील सांगून गेले.

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा; त्या काचेवरून कादरनं एकच प्रत छापली आणि बायकोच्या हाती दिली. खुर्शीदबीनं बारीक पात्यानं माणसं कापायला घेतली. कडेकडेनं कोणीही कापेल, खरी कसोटी फटींची. काखेतून, कोपराखालून गोठ्याची तसूभर भिंत जरी दिसली तरी महालाचं सोंग उघडं पडतं. मागच्यांच्या कडा पुढच्यांपेक्षा मऊ असतात. त्या तशाच ठेवाव्या लागतात, आणि पायाखाली सावली रंगवली नाही तर पाटलाची पोरं हवेत तरंगतात. तिनं कडा मागून घासून पातळ केल्या, महालाच्या चित्रावर माणसं चिकटवली, सावल्या भरल्या. मग कादरनं त्या सगळ्याचा नवा फोटो घेतला.

कापताना दोन भावांमधल्या फटीत, लांब दारात, चण्याएवढं काहीतरी फिकट दिसत होतं. कॅमेरा पुढच्यांवर साधलेला, म्हणून मागचं सगळं पुसट. शिंकाळ्यातलं गाडगं असेल, असं म्हणून तिनं तो तुकडा कापला आणि कपट्यांबरोबर चुलीत टाकला.

फोटो चौकटीत बसून तयार झाला त्याच दिवशी दुपारी एक बाई दारात आली. म्हातारी नव्हती, पण पार वाळली होती.

"मी मंजुळाबाई. आशाची माय," ती म्हणाली. "पाटलाच्या घरच्या फोटोत माही लेक हाय, भाबी."

"न्हाई, मावशी. बाईमाणूस कुनीच न्हाई त्याच्यात."

"सासऱ्याम्होरं कशी बसंल? मागं दारात उभी व्हती. आखाजीला माहेरी आली तवा सांगत व्हती मला. दोघा भावांच्या मधून बराबर काचंकडं बघितलं म्हनली, आन् हालली बी न्हाई." मंजुळाबाईनं पदर सारखा केला. "तिचा दुसरा फोटो न्हाई. पटकीनं गेली, सरणावर जळाली तवा मी पोचले बी न्हवते. निस्तं तोंड दाखीव."

आयुष्यभर माणूस कोणतं नि मागचं कोणतं हे ओळखून खुर्शीदबी भाकरी खात आली, आणि इथं एक जितीजागती पोर तिनं गाडगं समजून चुलीत घातली होती. तिनं काही लपवलं नाही. जे झालं ते सगळं सांगितलं.

मंजुळाबाई म्हणाली, "काचेवर तर आसंल नं?"

उन्हाळ्यातली ती काच ठेवली असती तर पन्नास वेळा छापता आलं असतं. पण चौकटींना लागणारी काच वर्षभर बाजारात आली नव्हती. काम झालेल्या काचा कादर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून खरवडत असे, म्हणजे वरचं चित्र निघून साधी काच उरे.

"धुतली, मावशी."

"मंग तू काढ की. महाल काढतीस. मी सांगते, नाक आसं व्हतं—"

"म्या तिला कधी पाह्यलंच न्हाई. काढलं तरी ते दुसरंच कुनीतरी व्हईल." खुर्शीदबीला रडू आलं, आणि त्या रडण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

"धुतल्याली काच कुठं हाय?"

खुर्शीदबीनं फळीवरून पाटलांचा फोटो उतरवला. दोन भावांच्या मधे आता संगमरवरी खांब होता. "ह्याच्याचवर बसवली."

द्यायच्या आधी काचेवरून ओढणी फिरवायची तिची सवय. हात पुढं झाला तो मंजुळाबाईनं मनगटाशी धरला.

"नको पुसू, भाबी," ती म्हणाली. "आता तरी ऱ्हाऊ दे तिला."

पाटलांचा गडी न्यायला येईपर्यंत ती फोटो मांडीवर घेऊन बसली होती.